स्पेसरमधून इन्हेलर देताना: फवारा येतो, पण औषध पोचतं का?

प्रश्न: माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दम्यासाठी डॉक्टरांनी रोजचा इन्हेलर दिलाय, मास्क लावलेल्या स्पेसरमधून सकाळी दोन आणि रात्री दोन पफ. मास्क तोंडाजवळ नेला की ती रडते, म्हणून आम्ही दोन्ही पफ आधीच स्पेसरमध्ये मारून ठेवतो आणि मग पटकन मास्क लावतो. स्पेसर रोज धुऊन स्वच्छ कापडानं कोरडा करतो. पहिला महिना छान गेला. आता पंधरा दिवस झाले, रात्रीचा खोकला परत आलाय. सात आठवड्यांपूर्वी सुरू केलेला तोच इन्हेलर आहे, त्यावर १२० डोस लिहिलंय, काउंटर नाही, पण अजून फवारा नीट येतो. डोस वाढवून घ्यायचा का, की आमचंच काही चुकतंय?

उत्तर: डोस वाढवण्याआधी इन्हेलर बदला. तुमच्या हातातला इन्हेलर बहुधा तीन आठवड्यांपूर्वीच संपलाय.

हिशेब मांडून बघू. सकाळी २ आणि रात्री २ म्हणजे दिवसाला ४ पफ. १२० भागिले ४ म्हणजे ३० दिवस. नवा इन्हेलर सुरू करताना हवेत मारलेले दोन-चार पफ त्यातूनच गेले, म्हणजे खरं तर २९ दिवस. तुम्ही आज सात आठवड्यांवर, म्हणजे ४९व्या दिवशी आहात. शेवटचे साधारण १९ दिवस मुलीला औषध मिळालेलं नाही, किंवा कधी थोडं, कधी काहीच नाही, असं मिळालं असेल. खोकला पंधरा दिवसांपूर्वी परत आला असं तुम्ही म्हणता, ते याच्याशी जुळतं. रोजच्या औषधाचा परिणाम थांबल्याबरोबर जात नाही. श्वासनळ्यांची सूज काही दिवसांत हळूहळू पुन्हा वाढते आणि मग खोकला सुरू होतो.

मग फवारा कसा येतो? इन्हेलरच्या धातूच्या डबीत दोन गोष्टी असतात, औषध आणि त्याला बाहेर ढकलणारा द्रवरूप वायू. लिहिलेल्या प्रत्येक पफात पूर्ण मात्रा यावी म्हणून कंपनी डबीत थोडं जास्तच भरते. १२० पफ झाल्यावरही तो वायू उरतो आणि दाबलं की फुस्स आवाज येतो, धूर दिसतो. त्या धुरात औषध किती आहे, याची मात्र काही खात्री नसते. डबी हलवून आत काही हलतंय का ते ऐकून कळत नाही. ती पाण्यात टाकून तरंगते का बुडते हे पाहण्याची जुनी युक्तीही चुकीची आहे, शिवाय त्यानं डबीचं तोंड बुजू शकतं. काउंटर नसेल तर मोजणं हा एकच मार्ग. नवा इन्हेलर उघडलात की चिकटपट्टीवर दोन तारखा लिहून त्याच्या प्लास्टिकवर लावा, सुरू केल्याची आणि संपण्याची. १२० पफांच्या इन्हेलरला दिवसाला ४ पफ असतील तर ३० दिवस, २०० पफांच्या इन्हेलरला ५० दिवस. संपण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी दुसरा घरात आणून ठेवा. काउंटर असलेल्या इन्हेलरवर शून्य आलं की तो संपला, मग कितीही फवारा येवो.

म्हणून आज नवा इन्हेलर आणा. मात्र तोही सध्याच्याच पद्धतीनं दिलात, तर पुन्हा अर्धंमुर्धंच औषध पोचेल. पहिल्या महिन्यात ती बरी होती याचा अर्थ थोडं तरी पोचत होतं. ते पूर्ण पोचावं यासाठी स्पेसरच्या आत काय घडतं ते आधी समजून घ्या. ते एकदा डोळ्यांसमोर आलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

इन्हेलर दाबला की औषध फार वेगानं बाहेर पडतं. सरळ तोंडात मारलं तर बरंचसं घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि तिथून पोटात जातं. स्पेसर म्हणजे मधली मोकळी जागा. तिथे फवाऱ्याचा वेग मरतो, वायू उडून जातो आणि थेंब आणखी बारीक होतात. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून लहान कणच छातीतल्या बारीक नळ्यांपर्यंत जातात. हे बारीक कण स्पेसरमध्ये काही सेकंदच तरंगतात. मग ते खाली बसतात, भिंतींना चिकटतात, आणि चिकटलेलं औषध कितीही जोरानं ओढलं तरी सुटत नाही. म्हणून पफ मारून मग मास्क लावायचा, यात चूक होते. तुम्ही मास्क मुलीजवळ नेऊन, तिचे हात सावरून तो नीट बसवेपर्यंत त्या धुक्यातला मोठा वाटा भिंतीवर जाऊन बसलेला असतो. क्रम उलटा हवा: आधी मास्क, मग पफ.

दोन पफ एकत्र मारण्यानं हेच नुकसान आणखी वाढतं. दाट धुक्यातले कण एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि खाली पडतात. दोन पफ एकदम मारून दोन पफांचं औषध मिळत नाही. एका वेळी एकच पफ, तो पूर्ण श्वासांत घेऊन झाला की मग दुसरा.

आता श्वासांचं. साडेतीन वर्षांचं मूल शांतपणे एका श्वासात साधारण १०० मिली हवा घेतं. मास्कसोबत मिळणारा छोटा स्पेसर साधारण १५० मिलीचा असतो आणि त्यात मास्कच्या आतली पोकळी मिळवा. एका श्वासात तो रिकामा होत नाही. म्हणून एका पफानंतर मास्क तसाच ठेवून ५ ते ६ शांत श्वास घेऊ द्यायचे. तिला मोठा श्वास घे, रोखून धर असं काही सांगायची गरज नाही. या वयात ते जमत नाही आणि लागतही नाही. नेहमीसारखा श्वास पुरतो, फक्त मास्क गालांना टेकलेला हवा.

श्वास मोजायचे कसे, हे पालकांना हमखास कळत नाही. छातीकडे बघू नका, झडपेकडे बघा. मास्क आणि नळी यांच्यामध्ये रबरासारखी पातळ झडप असते. मूल श्वास आत घेतं तेव्हा ती उघडते, सोडतं तेव्हा मिटते. काही स्पेसरवर श्वास दाखवणारी छोटी पट्टी असते, काहींमध्ये बारीक टक टक ऐकू येतं. ती झडप पाच-सहा वेळा हलली की पाच-सहा श्वास झाले. झडप हलतच नसेल, तर एक तर मास्कच्या कडेनं हवा येतेय, किंवा मूल श्वास रोखून बसलंय. दोन्हीमध्ये औषध नळीतच राहतं. पफ मारण्याआधीच ही झडप हलताना दिसायला हवी, आणि ती दिसेपर्यंत इन्हेलर दाबायचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना मी ही एक गोष्ट नक्की लक्षात ठेवायला सांगते.

मास्कच्या कडेला राहिलेली बारीकशी फटही महागात पडते. मुलाला झडप ढकलून नळीतून हवा ओढण्यापेक्षा फटीतून ओढणं सोपं जातं, म्हणून हवा तिथूनच येते. नाक आणि तोंड दोन्ही आत, कडा नाकाच्या हाडावर, दोन्ही गालांवर आणि हनुवटीच्या वर सगळीकडून टेकलेली, डोळ्यांना लागत नाही, असा मास्क बसला पाहिजे. फट बहुतेक वेळा नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीखाली राहते. चेहऱ्यापासून बोटभर लांब धरलेल्या मास्कमधून जवळजवळ काहीच जात नाही. मूल वाढलं की मास्कचा आकारही बदलावा लागतो. तुमचा मास्क ती दीड वर्षाची असताना घेतलेला असेल तर एकदा बघून घ्या.

आता रडण्याकडे वळू, कारण तुमच्याकडे सगळी घाई त्यातूनच सुरू झाली आहे. रडताना मूल लांबच लांब श्वास सोडतं आणि मध्येच एक छोटा, जोराचा हुंदका आत ओढतं. श्वास सोडताना झडप बंद असते, म्हणजे त्या सगळ्या वेळात औषध आत जात नाही. आणि हुंदक्याचा श्वास इतका वेगवान असतो की कण घशावरच आदळतात. वर मान हलल्यानं मास्क सुटतो. रडताना मोठा श्वास घेतं म्हणजे औषध जास्त जातं, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. रडणाऱ्या मुलाच्या छातीत शांत मुलापेक्षा खूप कमी औषध पोचतं.

म्हणून रोजच्या औषधाच्या वेळी ती रडत असेल तर थांबा. दहा मिनिटांनी, अर्ध्या तासानं दिलंत तरी काही बिघडत नाही. पण हे रोज लढाईसारखं होऊ नये यासाठी चार-पाच दिवस वेगळे काढा. औषधाच्या वेळा सोडून एरवी नुसता स्पेसर, इन्हेलर न लावता, तिच्या हातात द्या. तिला बाहुलीला मास्क लावू दे, तुम्हाला लावू दे. तुम्ही स्वतः लावून झडप हलवून दाखवा, टक टक आवाज ऐकवा. मग तिनं स्वतःच्या हातानं मास्क तोंडाला लावायचा आणि आवाज काढायचा. एका बैठकीत दोन श्वास झाले तरी पुरे, हळूहळू सहावर जा. माझा अनुभव असा की मुलं मास्कला घाबरत नाहीत, तोंडावर अचानक येणाऱ्या मोठ्या माणसाच्या हाताला घाबरतात. मास्क तिनं धरला आणि तुम्ही वरून फक्त हलका आधार दिलात, की निम्मी मुलं शांत होतात. फुस्स आवाजालाही काही मुलं दचकतात, त्यांना तो आधी एकदा हवेत मारून ऐकवा. त्या पफाची वजाबाकी तेवढी तारखेच्या हिशेबात धरा.

झोपेत द्यायचा विचार अनेकांच्या मनात येतो. मी तो सुचवत नाही. मास्क लागला की बरीच मुलं जागी होतात, मग आणखी चिडतात, आणि झोपेत मान एका बाजूला असल्यानं मास्क नीट बसतही नाही.

आता प्रत्यक्ष द्यायची पद्धत सांगते. पहिल्यांदा वाचून दाखवत एकानं सांगावं आणि दुसऱ्यानं करावं, म्हणजे सोपं जातं. तिला मांडीवर बसवा, पाठ तुमच्या छातीला टेकलेली, तोंड समोर. आडवं झोपवून देऊ नका. इन्हेलरचं टोपण काढा आणि तोंडात डोकावून बघा. टोपणाशिवाय पिशवीत ठेवलेल्या इन्हेलरच्या तोंडात कागदाचा तुकडा, मणी, बटण असं काहीही जाऊन बसतं आणि पफासरशी ते मुलाच्या घशात जाऊ शकतं. इन्हेलर पाच-सहा वेळा चांगला हलवा. बऱ्याच इन्हेलरमध्ये औषध वायूत विरघळलेलं नसतं, तर गाळासारखं तळाशी बसतं. न हलवता मारलेल्या पफात औषध कमी येतं आणि पुढच्या एखाद्या पफात जास्त. मग इन्हेलर स्पेसरच्या मागच्या भोकात घट्ट बसवा, डबी वर आणि तोंड खाली अशी उभी. उलटा किंवा आडवा धरलेला इन्हेलर पूर्ण मात्रा भरून घेत नाही.

मास्क चेहऱ्याला लावा. झडप एक-दोनदा हलू द्या. आता डबी एकदाच, तळापर्यंत दाबा. मास्क न हलवता पाच-सहा श्वास मोजा, मोठ्यानं मोजलेत तर तिलाही कळतं कधी संपणार. मास्क काढा. अर्धा ते एक मिनिट थांबा, या वेळात इन्हेलर पुन्हा हलवा, आणि हेच सगळं दुसऱ्या पफासाठी पुन्हा करा. दोन पफांना मिळून जेमतेम दोन-अडीच मिनिटं लागतात.

झाल्यावर तिला चूळ भरायला लावा आणि ते पाणी थुंकू द्या. थुंकता येत नसेल तर पाणी प्यायला द्या किंवा लगेच दात घासा. मास्कखालचा चेहरा ओल्या कापडानं पुसा. रोजच्या इन्हेलरमध्ये सूज कमी करणारं स्टिरॉइड असतं, ते तोंडात आणि कातडीवर राहिलं तर जिभेवर, गालांच्या आत बुरशीचे पांढरे डाग येऊ शकतात आणि चेहऱ्यावर लाली येऊ शकते. सोपा उपाय म्हणजे औषधाची वेळ सकाळी आणि रात्री दात घासण्याच्या अगदी आधी ठेवायची. यानं आठवणही राहते.

स्पेसर तुम्ही रोज धुता आणि पुसता, हे किती काळजीनं करता ते दिसतं. पण नेमकं पुसण्यानंच औषध वाया जातं. कोरड्या कापडानं प्लास्टिक घासलं की त्यावर स्थिर वीज तयार होते, कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेल्यावर ते चिकटतात तशी. मग तरंगणारे औषधाचे कण भिंतीकडे ओढले जातात आणि मुलीपर्यंत पोचायच्या आत चिकटून बसतात. नवा कोरा प्लास्टिकचा स्पेसर डब्यातून काढून तसाच वापरला तरी हेच होतं, म्हणून तोही आधी धुवायचा.

पद्धत अशी: इन्हेलर काढून ठेवा. स्पेसरचे भाग सुटे करा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे थोडे थेंब टाकून त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि हलकेच हलवा. बाहेर काढून पाणी झटका आणि नळी उभी ठेवून आपोआप वाळू द्या. नळी आतून साध्या पाण्यानं खंगाळायची नाही आणि पुसायची तर अजिबात नाही. राहिलेला साबणाचा पातळ थर वाळून भिंतीवर बसतो आणि तोच स्थिर वीज होऊ देत नाही. फक्त चेहऱ्याला लागणारा मास्क किंवा तोंडात धरायचा भाग साध्या पाण्यानं धुऊन घ्या. उकळू नका, झडप वाकडी होते. तुमच्या स्पेसरच्या कागदावर वेगळं काही लिहिलं असेल, विशेषतः तो स्थिर वीज न होणाऱ्या प्लास्टिकचा किंवा धातूचा असेल, तर तिथे लिहिल्याप्रमाणे करा. हे महिन्यातून एकदा पुरतं. रोज फक्त मास्क ओल्या कापडानं पुसा. नळीला तडा, झडप वळलेली, कडक झालेली किंवा नीट न मिटणारी दिसली तर स्पेसर बदला. रोज वापरला जाणारा स्पेसर तसाही वर्षभरात बदलावा लागतो.

इन्हेलरचं प्लास्टिकचं कवचही आठवड्यातून एकदा, डबी बाहेर काढून, कोमट पाण्याखाली धरून पूर्ण वाळवा, कारण फवारा बाहेर पडतो त्या बारीक छिद्रात औषध साठतं. काही इन्हेलर धुवायचे नसतात, ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. डबीला पाणी कधीच लागू देऊ नका.

नवा इन्हेलर आणल्यावर पहिल्या दिवशी, आणि पुढे काही दिवस वापरला नसेल तेव्हा, तो हलवून हवेत दोन ते चार पफ मारावे लागतात, म्हणजे मात्रा मोजणारी आतली छोटी वाटी नीट भरते. किती पफ आणि किती दिवसांनंतर, हे इन्हेलरप्रमाणे बदलतं, सोबतच्या कागदावर बघा. रोजच्या इन्हेलरला हे फक्त सुरुवातीलाच लागतं. तातडीचा इन्हेलर मात्र अनेकदा आठवडेच्या आठवडे पडून असतो, आणि नेमका दम लागल्यावर हातात घेतलेला पहिला पफ अर्धवट निघतो.

इथे एक फरक मनात पक्का ठेवा, कारण घरात दोन इन्हेलर असतात आणि घाईत अदलाबदल होते. रोजचा इन्हेलर सूज उतरवतो, त्याला दिवस-आठवडे लागतात, आणि तो मूल ठणठणीत दिसलं तरी द्यायचा. तातडीचा इन्हेलर, बहुधा साल्ब्युटामॉल, आवळलेल्या नळ्या सैल करतो, काही मिनिटांत. दम लागलेला असताना फक्त रोजचा साधा स्टिरॉइडचा इन्हेलर देत बसलात तर आराम पडणार नाही. रंगावर विसंबू नका, कंपनीप्रमाणे रंग बदलतात. दोन्हींवर मोठ्या अक्षरात ‘रोज’ आणि ‘तातडी’ लिहून ठेवा. देण्याची पद्धत दोन्हींची तीच, तोच स्पेसर चालतो.

तातडीच्या वेळी फक्त रडण्याबद्दलचा नियम बदलतो. दम लागलेलं मूल घाबरून रडत असेल तर शांत होण्याची वाट पाहू नका. मांडीवर घट्ट धरा, मास्क नीट बसवा आणि द्या. कमी पोचेल, पण पोचेल. किती पफ द्यायचे ते तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. या वयाला साधारणपणे साल्ब्युटामॉलचे २ पफ, एकेक करून, आणि गरज पडली तर २० मिनिटांच्या अंतरानं आणखी दोनदा, असं सांगितलं जातं. पहिल्या दोन तासांत ६ पफांहून जास्त लागताहेत, किंवा आराम पडतो पण तो दर वेळी कमी काळ टिकतोय, तर डॉक्टरांकडे निघा. श्वास घेताना बरगड्यांच्या मध्ये आणि गळ्याच्या खाली खड्डे पडताहेत, दोन शब्द सलग बोलता येत नाहीत, पाणी पिता येत नाही, ओठ निळसर दिसताहेत, मूल निपचित किंवा गुंगीत आहे, यातलं एकही दिसलं तर पफ मोजत बसू नका. ताबडतोब हॉस्पिटलला न्या आणि वाटेत तातडीचा इन्हेलर चालू ठेवा. घरात नेब्युलायझर नाही म्हणून हतबल होऊ नका. जीवघेणा अटॅक सोडला तर स्पेसरमधून नीट दिलेलं औषध मुलांमध्ये नेब्युलायझरइतकंच काम करतं, आणि तयारीला वेळही कमी लागतो.

आता तुमच्या मुलीचं पुढे काय. या वयात दम्यामुळे रात्री खोकला येणं याचा अर्थ दमा ताब्यात नाही, म्हणून नुसता इन्हेलर बदलून गप्प बसू नका. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. जाताना दोन्ही इन्हेलर आणि स्पेसर सोबत न्या, आणि ‘आम्ही देऊन दाखवतो, चूक सांगा’ असं तुम्हीच म्हणा. मुलगी दवाखान्यात बिथरणार असेल तर घरी देतानाचा व्हिडिओ काढून न्या, मात्र झडप आणि मास्कची कड दिसेल अशा बाजूनं काढा. जुना इन्हेलर कधी सुरू केला होता ते सांगा. हे कळल्याशिवाय डॉक्टरांना वाटेल की पुरेसं औषध देऊनही खोकला राहिलाय, आणि डोस वाढेल. नव्या इन्हेलरनं, नीट पद्धतीनं चार आठवडे दिल्यावर खोकला गेला, तर वाढवायची गरज नव्हती हे स्पष्ट होईल. नाही गेला, तर मात्र डोस, घरातला धूर, सततचं वाहणारं नाक, किंवा खोकल्याचं दुसरंच कारण, या सगळ्याचा नव्यानं विचार करावा लागेल. तोवर रोज रात्री खोकला आला का, तातडीचा इन्हेलर किती वेळा लागला, एवढ्या दोन गोष्टी वहीत लिहीत राहा.

ती लवकरच चार वर्षांची होईल, तेव्हा मास्क काढून तोंडात धरायच्या नळीवर जायचं बघा. मास्कमधून श्वास घेताना बरंचसं औषध नाकात अडकतं, तोंडानं घेतलेलं जास्त प्रमाणात छातीपर्यंत जातं. तयारी झाली का ते असं पाहा: इन्हेलर न लावता नळी तिच्या दातांमध्ये, जीभ खाली, ओठ भोवती मिटलेले अशी धरायला लावा आणि पाच-सहा श्वास घेऊ द्या. प्रत्येक श्वासाला झडप हलली, तर ती तयार आहे. झडप स्थिर राहिली तर ती नाकानं श्वास घेतेय, मग आणखी काही महिने मास्कच बरा. काही स्पेसर जोरानं ओढल्यावर शिट्टी वाजवतात. मुलांना ती वाजवायला आवडते, पण शिट्टी वाजली म्हणजे श्वास फार वेगानं घेतला. तिला आधीच सांगून ठेवा की शिट्टी वाजू न देता श्वास घ्यायचा, असा हा खेळ आहे.